पास लागत नाही, सरळ आत या

"पास नाही ओ माझ्याकडं," म्हणत एक मावशी आज पुस्तक प्रदर्शनाच्या दारातूनच मागं फिरत होत्या. हातात भाजीची पिशवी, नजर आतल्या स्टॉलवर.

उद्या बेळगावच्या जुन्या साहित्य संमेलनावर एका लेखिकेचं व्याख्यान आहे, त्याच्या पत्रकात 'प्रवेशिका आवश्यक' एवढंच छापलंय. ती अट फक्त निमंत्रितांच्या पुढच्या दोन रांगांसाठी आहे. वाचणाऱ्याला ते कळणार कसं?

म्हणून इथं नीट लिहिते. उद्या रविवारी, संध्याकाळी साडेपाच, मराठा मंदिर, खानापूर रोड. लेखिकेचं नाव नि फोटो सोबतच्या पत्रकात आहे. तिसऱ्या रांगेपासून कुणीही बसा. प्रवेश मोफत, नावनोंदणी नाही, पुस्तक घ्यायलाच हवं असंही नाही.

विषय आहे १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली आपल्या बेळगावात भरलेलं साहित्य संमेलन. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, एवढं आपण ऐकून असतो. पण त्या वेळी लहान असलेल्या माणसांच्या आठवणी लेखिकेनं घरोघरी जाऊन टिपल्यात. त्या ती स्वतः वाचणार आहे, म्हणून मला हे व्याख्यान चुकवायचं नाही. शेवटचा अर्धा तास प्रश्नांसाठी आहे.

जुना फोटो, निमंत्रणपत्रिका असेल तर घेऊन या. तुमच्या घरात त्या संमेलनाबद्दल कुणी काही सांगायचं का?