वितळतार आणि चाळीस मिनिटं

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडचा तो मुलगा एकोणीस वर्षांचा होता. स्टार-डेल्टा स्टार्टरचं वायरिंग तो ड्रॉइंग न बघता करायचा, आणि थिअरीच्या चाचणीत पन्नासपैकी पंधरा. 2023 मध्ये त्याच्यासाठी परीक्षेतल्या सवलतीचा अर्ज मी केला. काय मागायचं हेच मला आधी कळलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे अशा मुलाला ‘जादा वेळ द्या’ म्हटलं की काम संपलं असं समजतात. मी आधी दहा-दहा प्रश्नांचे सारख्या काठिण्याचे तीन संच काढले. पहिला त्याने ठरलेल्या वेळेत वाचून सोडवला, चार बरोबर. दुसऱ्याला दीडपट वेळ दिला, पाच. तिसरा मी सपाट आवाजात वाचून दाखवला, नऊ. विषय त्याला येत होता, अडत होतं ते वाचनात. त्याला मुख्य गरज वाचकाची होती आणि वेळ त्याच्या जोडीला, कारण ऐकून उत्तर ठरवायला वेळ जास्तच लागतो.

मग कागद. शाळेत असताना, चौदाव्या वर्षी काढलेलं डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र त्याच्याकडे होतं. घरचे निर्धास्त होते. पण 2018 च्या नियमांप्रमाणे ही तपासणी चौदाव्या आणि पुन्हा अठराव्या वर्षी करावी लागे, आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्रच आयुष्यभर चालणारं. म्हणजे हातातला कागद बाद. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणी-संचावर पुन्हा तपासणी झाली, नवं प्रमाणपत्र आलं.

खरी अडचण पुढेच होती. परीक्षेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत, त्याही 2018 च्याच, अंधत्व, दोन्ही हातांचं अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी सोडून इतरांना लेखनिक किंवा वाचक हवा असेल तर सिव्हिल सर्जनच्या सहीचं परिशिष्ट-1 हे प्रमाणपत्र वेगळं लागायचं. त्याचा मथळा लिहिण्यातल्या शारीरिक मर्यादेबद्दलचा. डॉक्टरांनी मुलाचे हात बघितले आणि म्हणाले, "हात तर धडधाकट आहेत, कशावर सही करू?" त्यांचा दोष म्हणणार नाही. मज्जासंस्थेची अडचण हाताच्या रकान्यात बसवणारा फॉर्म कुणीतरी कार्यालयात बसून केलेला. दुसऱ्या खेपेला मी चाचणीचा अहवाल जोडला आणि मुलाचा लिहिण्याचा व वाचण्याचा वेग मिनिटाला किती शब्द, हे मोजून पत्रात लिहिलं. सूचनेत वेगाचा उल्लेख होताच. सही मिळाली.

जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं. पेपर दोन तासांचा, म्हणजे चाळीस मिनिटं. संगणकावरच्या परीक्षेत हे पत्रावर असून भागत नाही. सुरू करण्याआधी स्क्रीनवर वेळ 160 मिनिटं दिसतेय का ते बघायचं. 120 दिसली तर तिथेच हात वर करायचा, कारण घड्याळ शून्यावर आलं की पेपर आपोआप जमा होतो आणि मग पत्र दाखवून उपयोग नाही.

भाषेच्या रकान्यात मी विचार न करता मराठी भरली. मातृभाषा ना! सराव घेताना वाचक म्हणाली, "वितळतारेचा उपयोग कशासाठी होतो?" मुलगा गप्प. मी म्हटलं, "अरे, फ्यूज!" त्याने उत्तर तोंडावर फेकलं. वर्कशॉपमध्ये आम्ही दिवसभर फ्यूज, अर्थिंग, ट्रान्सफॉर्मर म्हणतो, आणि पेपरात वितळतार, भूसंपर्कन, रोहित्र. परीक्षेत वाचकाला अर्थ सांगता येत नाही. म्हणून अशा साठ शब्दांच्या जोड्या मी मोबाइलवर रेकॉर्ड करून दिल्या. लिहून दिल्या असत्या तर पुन्हा वाचनाचंच ओझं.

वाचकालाही तयार करावं लागतं. परीक्षेच्या दोन दिवस आधी उमेदवाराला तिची भेट घेता यायची, आम्ही ती नुसत्या ओळखीत घालवली नाही. चारही पर्याय एकाच सुरात. ‘खालीलपैकी कोणते नाही’ मधला ‘नाही’ गाळायचा नाही, त्यावर अवाजवी जोरही द्यायचा नाही. दशांश स्पष्ट म्हणायचा, ‘शून्य पूर्णांक पाच’. आकृती असेल तर फक्त तिच्यावर लिहिलेलं वाचायचं; रेझिस्टन्स सिरीजमध्ये आहेत असं बोललं की उत्तरच सांगितलं.

तो पास झाला. पण त्याच वर्गात आणखी एक मुलगा होता, शाळा तीनदा बदललेला, वाचन कच्चं. त्याची तपासणी करून घेतली, डिस्लेक्सिया निघाला नाही. मग त्याला चाळीस मिनिटंही नाहीत आणि वाचकही नाही. ते साठ शब्द मात्र मी त्यालाही दिले, आणि त्याच्या फॉर्मवर भाषेचा रकाना भरण्याआधी वितळतारेचा तोच प्रश्न मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत त्याच्यापुढे ठेवला. त्याने हिंदी निवडली. घरी मराठी बोलणारा मुलगा.