कापलेला चेहरा फाइलीतच राहिला होता : गणेशोत्सव अल्बम, सहावी नोंद

पाच दिवसांच्या गणपतीचा अल्बम या रविवारी सोसायटीला देऊन मोकळे व्हायचे, असे मागच्या नोंदीत मोठ्या खात्रीने लिहिले होते. ते आता होणार नाही. आलेल्या साडेसहाशे फोटोंतून 112 फोटो निवडून झाले, फोटोओळी लिहून झाल्या, ऋणनिर्देशाचे पानही तयार झाले, आणि शनिवारी रात्री 47 क्रमांकाच्या फोटोने सगळे काम मागे नेले.

हा फोटो लेझीमचा आहे. मूळ चौकटीत पाच मुले होती आणि त्यांतील एक मुलगी ऐन वेळी कॅमेऱ्याकडे वळली होती. आपला नियम ठरलेला असल्यामुळे (मुलांचे चेहरे नाहीत, पाठमोरे किंवा हातपाय चालतील) मी वरचा अर्धा भाग कापला आणि लेझीम धरलेले दहा हात, घुंगरू बांधलेले पाय आणि जमिनीवर पसरलेला गुलाल एवढेच ठेवले. कापल्यानंतर फोटो मूळ फोटोपेक्षा सरस झाला, हे थोड्या अभिमानाने नोंदवतो. मात्र पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडून फोल्डर उघडले, तेव्हा फाइलींच्या यादीतील नखाएवढ्या चित्रात तीच मुलगी हसत माझ्याकडे पाहत होती. फाइल उघडली की हात दिसत होते आणि बंद केली की चेहरा.

कारण असे की, कॅमेरा किंवा फोन जेपीजी फाइलीच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे फोटोसोबत फाइलीतच साठवलेल्या तपशिलांत, त्याच फोटोची एक छोटी प्रत ठेवतो. ती बहुधा 160 × 120 पिक्सेलची असते आणि यादी झरझर दिसावी म्हणून वापरली जाते. फोटो कापताना काही संपादन प्रणाली ही प्रत नव्याने बनवतात, तर काही तिला हातच लावत नाहीत. मी वापरतो ती दुसऱ्या जातीची निघाली. 160 पिक्सेलमध्ये काय ओळखू येणार, असे कुणाला वाटेल; पण त्या चित्रावरून मुलीला तिच्या आजीने क्षणात ओळखले असते, आणि आपल्याला नेमके तेच टाळायचे आहे.

चूक काही अंशी माझीच आहे. छपाईसाठी मूळ दर्जा हवा म्हणून मी सर्वांना व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले होते. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातील ही आतली माहितीही गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की सगळे जसेच्या तसे येते, म्हणजे छोटी प्रत आणि फोनमध्ये स्थान सुरू असल्यास घराचे अक्षांश-रेखांशसुद्धा.

कोणकोणत्या फाइलींत असे चेहरे दडले आहेत हे पाहण्यासाठी सर्व आतल्या प्रती वेगळ्या फोल्डरात बाहेर काढल्या. त्यासाठी ही माहिती वाचणाऱ्या आणि बदलणाऱ्या एक्झिफटूल या प्रणालीची ही आज्ञा पुरेशी आहे:

```
exiftool -a -b -W chhanani/%f_%t%-c.%s -preview:all album
```

निघालेली चित्रे शेजारी ठेवून पाहिल्यावर कापलेल्या 31 फोटोंपैकी 14 मध्ये जुनी चौकट शाबूत सापडली. मग रात्री साडेबाराला वैतागून मी सरळ एक्झिफटूलचे `-all=` चालवले आणि सगळीच माहिती पुसून टाकली. ही दुसरी चूक. उभे काढलेले फोटो आडवे झाले, कारण फोटो कसा फिरवून दाखवायचा ही नोंदही त्या माहितीतच असते. त्याहून वाईट म्हणजे मी आठवडाभर बसून फाइलींमध्ये लिहिलेल्या फोटोओळी आणि छायाचित्रकारांची नावे गेली. मुलांचे चेहरे वाचवण्याच्या नादात स्वयंसेवकांचे श्रेय पुसले गेले, असा तो प्रकार झाला.

सुदैवाने ही प्रणाली बदल करण्यापूर्वी मूळ फाइल `_original` असे शेपूट लावून ठेवते, त्यामुळे सर्व परत मिळाले. परंतु तीच सोय घातकही आहे. 112 फाइलींच्या 224 झाल्या होत्या, आणि ते फोल्डर तसेच झिप करून दिले असते तर पुसलेले सर्व काही त्यातून घरोघरी पोहोचले असते. आता केवळ नको तेवढेच काढतो, आणि तपासणी झाल्यावर मूळ प्रती वेगळ्या आज्ञेने हटवतो:

```
exiftool -ThumbnailImage= -PreviewImage= -gps:all= album
exiftool -delete_original album
```

त्यानंतर पहिली आज्ञा पुन्हा चालवायची. एकही चित्र बाहेर आले नाही, तरच फोल्डर पुढे जाते.

हे लिहीत असतानाच एक शंका आली म्हणून फाइलींचे आकार पाहिले. इतर फोटो तीन-चार एमबीचे आणि मोदकांचा एक फोटो मात्र नऊ एमबीचा. तो ‘मोशन फोटो’ निघाला. म्हणजे जेपीजीच्या पाठीमागे दोन-तीन सेकंदांचा व्हिडिओ चिकटलेला आहे, आणि त्यात मोदकाची कळी दाबणाऱ्या चिमुकल्या हातांच्या आधी त्या मुलाचा चेहराही येऊन जातो. वरील आज्ञा हा व्हिडिओ काढत नाही. त्यामुळे बेत पुन्हा बदलतो: कापाकापी संपली की प्रत्येक फोटो उघडून नवी जेपीजी निर्यात करायची, तीवर वरची छाननी करायची आणि फोटोओळ व श्रेय अगदी शेवटी भरायचे. रविवार गेला, हे मान्य.

फोटोओळींबाबतही एक दुरुस्ती करावी लागली. 47 व्या फोटोखाली मी उत्साहाने ‘बी विंगमधील सहावीच्या मुलींचे लेझीम’ असे लिहिले होते. चेहरा कापून खाली पत्ता लिहिण्यासारखेच ते झाले. आता तेथे असे आहे: ‘आगमनाच्या संध्याकाळी लेझीम. तीन आठवडे रोज रात्री गच्चीवर सराव घेणाऱ्या दोन ताईंचे हे श्रेय.’ अल्बमात त्या ताईंची नावे त्यांना विचारून घातली आहेत. येथे घालत नाही. मुलांच्या चेहऱ्यांवर हसरे पिवळे गोळे चिकटवण्याची सूचना पुन्हा आली होती, ती मी पुन्हा नाकारली. असा फोटो मखराशेजारी लावला की सगळे लक्ष गोळ्याकडेच जाते. धूसर करणेही मला पटत नाही, कारण फ्रॉक आणि वेणीवरून मूल ओळखू येतेच.

सर्वांत आवडता फोटो मात्र काहीही न कापता मिळाला. आरतीच्या वेळी सभागृहाबाहेर काढलेल्या चपलांचा तो ढीग आहे: मोठ्या जोड्यांच्या मध्ये एक वीतभर लाल सँडल, उलटी पडलेली.

ऋणनिर्देशात पूर्वी ‘सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे आभार’ अशी ओळ होती, ती काढली आहे. अज्ञात कुणीच नव्हते, मी विचारले नव्हते एवढेच. आता कामानुसार नावे आहेत: मखराचे पुठ्ठे कापणारे चौघे, तीनशे एकवीस मोदक वळणाऱ्या सात काकू, निर्माल्य वेगळे ठेवणारे आजोबा, आणि उपवनच्या कृत्रिम तलावावर मूर्ती पाण्यात नेताना खांदा देणारे सुरक्षारक्षक दादा. दादा एकाही फोटोत नाहीत, कारण मिरवणुकीभर माझी कॅमेऱ्याची पिशवी त्यांच्याच खांद्यावर होती. म्हणून त्यांच्या नावाची ओळ विसर्जनाच्या रिकाम्या पाटाच्या फोटोखाली घेतली आहे.