एक राजय्या की दोन? वंशावळीचा फोटो उलगडताना

पुण्यातला माझा भाचा घराण्याची वंशावळ संगणकावर भरतो. आजोबांनी हाताने काढलेल्या वंशवृक्षाचा फोटो त्याला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, "मामा, आजोबांना दोन वडील कसे?"

आमचं गाव राजुरा भागातलं. 1956 पर्यंत हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता. आजोबांची बोली तेलुगू, शाळा मराठी. म्हणून कागदावर अक्षरं देवनागरी, पण नाती तेलुगू. मधल्या चौकटीत 'मी', आणि बाकीची सगळी नाती त्या 'मी'च्या तोंडची. असा कागद हाती आला की आधी हा 'मी' शोधायचा. तो सापडल्याशिवाय एकाही नात्याला हात लावू नये.

राजय्या हे नाव दोनदा होतं (नावं इथे बदलली आहेत). एकदा आजोबांची बहीण नरसूबाई हिच्याशेजारी, एकदा पोचम्मा आणि लिंगय्या यांच्याखाली. दोन्हीकडे 'बावा' लिहिलेलं. फ्लॅशच्या चकाकीत भाच्याने ते 'बाबा' वाचलं. तेलुगूत बावा म्हणजे बहिणीचा नवरा, किंवा वयाने मोठा आतेभाऊ किंवा मामेभाऊ. आते-मामेभावंडांत लग्नं होत आली, म्हणून नात्याला शब्दही एकच. पोचम्मापुढे 'अत्ता' होतं, ती वडिलांची बहीण. लिंगय्यापुढे 'मामा' पाहून भाच्याने त्याला आईचा भाऊ करून टाकलं होतं, पण तेलुगूत आत्याचा नवराही मामाच. संगणकात आई-बाप, नवरा-बायको आणि मूल एवढ्याच गाठी बांधता येतात, 'बावा'ची गाठ तिथे नाही. तेव्हा खरा प्रश्न उरला तो असा: आत्याचा मुलगा राजय्या आणि नरसूबाईचा नवरा राजय्या हे एकच, की दोन? आमच्याकडे राजय्या घरोघरी. घरात दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या.

कागदाशिवाय हे सुटणार नव्हतं, म्हणून वारसाचे जुने फेरफार मागायला गेलो, आणि इथेच अडकलो. तो राग अजून गेलेला नाही. तलाठी म्हणे जुनं रेकॉर्ड तहसीलला जमा आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षातला बाबू मान वर न करता म्हणाला, "फेरफार नंबर आना, मंग पाहू." नंबर तलाठ्याकडे मागितला तर त्याचं उत्तर, तो रजिस्टरात असेल, आणि रजिस्टर तहसीलला. नावावरून शोधता येईल का, गाव आणि अंदाजे साल सांगतो, असं मी परोपरीने विनवलं. "नावावरून शोधायला बसलो तं बाकीचं काम कोन करन?" दर वेळी अर्ज परत, दर वेळी नंबर नाही हेच कारण. नंबर कुठे मिळतो हे मात्र त्या खोलीतल्या एकानेही सांगितलं नाही.

तो सांगितला शेजारच्या गावच्या एका निवृत्त कोतवालाने. हस्तलिखित जुन्या सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या नावाजवळ वर्तुळात आकडा असतो, तोच फेरफार क्रमांक. आमच्या पेटीतल्या पिवळ्या सातबाऱ्यावर आणि राजय्याच्या नातवाकडच्या सातबाऱ्यावर ते आकडे होते! अर्जावर सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक दोन्ही लिहिले, आणि त्याच बाबूने नकला काढून दिल्या. जे कोणी जातील त्यांनी आधी घरातल्या पेट्या उघडाव्यात.

नकला तीन मिळाल्या. पणजोबांच्या शेतीच्या वारसांत 'नरसूबाई जवजे राजय्या', म्हणजे राजय्याची बायको. पण हा राजय्या कोणाचा, ते त्यात नाही. दुसऱ्या नकलेत लिंगय्याच्या शेतावर 'राजय्या वल्द लिंगय्या', म्हणजे लिंगय्याचा मुलगा. तिसरी नक्कल त्याच सर्व्हे नंबरची: राजय्या मयत, वारस विधवा नरसूबाई. एकाच शेताने दोन्ही राजय्यांना जोडलं. माणूस एकच, आजोबांचा आतेभाऊ आणि मेहुणाही. भाच्याने दोन नोंदींची एक केली आणि नरसूबाईचं लग्न तिथेच जोडलं. सॉफ्टवेअरने नातेसंबंधातलं लग्न म्हणून इशारा दिला तरी ती नोंद फोडू नये.

पोचम्मा पणजोबांची सख्खी बहीण की चुलत, हे मात्र या नकलांत नाही. वल्द बाप सांगतो, जवजे नवरा सांगतो. लग्न होऊन गेलेल्या बाईचं माहेर तिथे दिसत नाही, आणि तेलुगूत वडिलांच्या चुलत बहिणीलाही अत्ताच म्हणतात. म्हणून तिच्या नोंदीपुढे भाच्याला 'आधार: फक्त आजोबांचा कागद' असं लिहायला लावलं. नात्याचा मूळ शब्दही जसाच्या तसा ठेवायचा, 'बावा' खोडून 'आतेभाऊ' करायचं नाही. अर्थ शेजारी वेगळा लिहावा.

फोटोबद्दल सांगायचं राहिलं. फ्लॅश बंद ठेवून, खिडकीजवळ, उजेड एका बाजूने तिरपा येईल असा कागद धरावा. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ आणि पुसट पेन्सिल त्यातच दिसते. एकाच फोटोत सगळं घेण्याऐवजी तुकड्यातुकड्याने घ्यावेत, कडा एकमेकींवर येऊ द्याव्यात, आणि कागदाची मागची बाजूही घ्यावी. आमच्या कागदामागे नरसूबाईच्या सासरच्या गावाचं नाव होतं.