अहोंचा नंबर

"हे गेल्यापासून त्यांच्या नंबरवर रोज व्हॉट्सअॅपला काहीतरी लिहून टाकते. असं करणं बरं का? आणि नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला तर?"

टाका. त्यात वेडेपणा काही नाही. पण नंबर तुमच्या ताब्यात आहे का, एवढं आधी बघा. सांगलीत विश्रामबागेत माझं रिचार्ज-रिपेअरिंगचं दुकान आहे आणि हे विचारायला लोक काउंटरपाशी गर्दी ओसरेपर्यंत थांबतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका काकूंचं सांगतो. काका मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. पावसाळ्यात यार्डातून दर दोन तासांनी काकूंना मेसेज: "आयर्विन 34." म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 34 फुटांवर. सांगलीकराला पुढचं सांगावं लागत नाही. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका, आणि काकूंचं घर नदीकडच्या बाजूला. काका दिवाळीत गेले. मुलानं फोन बंद करून कपाटात ठेवला. काकू मात्र लिहीत राहिल्या. गॅस आला, पेन्शनचा कागद मिळाला, नातवाचा दात पडला. प्रत्येक मेसेजपुढं एकच टिक.

रिचार्ज डिसेंबरात संपला. नंबर 90 दिवस वापरात नसला, की कंपनी तो बंद करू शकते. शिल्लक 20 रुपये असेल तर ते कापून आणखी 30 दिवस मिळतात, पण काकांच्या खात्यात तेवढेही नव्हते. बंद झालेला नंबर निदान 90 दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या गिऱ्हाइकाला जाऊ शकतो. हिशेब करा, बरोबर पावसाळा येतो.

मधे एप्रिलात घरच्या ग्रुपवर 'काकांनी ग्रुप सोडला' असं आलं आणि घरात रडारड झाली. कुणी काही केलं नव्हतं. साधारण 120 दिवस अकाउंट बंद पडून राहिलं की व्हॉट्सअॅप ते काढून टाकतं.

ऑगस्टात पाणी चढत होतं. काकूंनी लिहिलं, "आयर्विन 39. धान्य माळ्यावर टाकलंय." दोन टिका पडल्या, मग निळ्या झाल्या. खाली उत्तर: "कोण बोलतंय?" नंबर घेतलेला पोरगा साधा होता, त्याची काही चूक नाही. काकू मात्र दोन दिवस जेवल्या नाहीत.

दुकानात आल्या तेव्हा त्यांची पहिली भीती वेगळीच होती: आमचं सगळं त्यानं वाचलं का? नाही. जुनं चॅट तुमच्या फोनमध्ये आणि काकांच्या फोनमध्ये असतं, ते नंबराबरोबर जात नाही. न पोहोचलेला मेसेजही सर्व्हरवर 30 दिवसच राहतो, मग पुसला जातो. पण एका टिकेवर अडकलेला ताजा मेसेज नव्या फोनवर जाऊ शकतो. म्हणून डीपी अचानक बदलला, किंवा चॅटमध्ये सिक्युरिटी कोड बदलल्याची ओळ आली, की तिथं लिहिणं त्याच दिवशी थांबवा.

गेलेला नंबर परत मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं. मी एवढंच केलं. आधी जुनं चॅट एक्स्पोर्ट करून मुलाच्या मेलवर पाठवलं. मग मुलाला घेऊन एक ग्रुप केला आणि त्याला लगेच त्यातून काढलं. उरल्या एकट्या काकू. ग्रुपचं नाव काय ठेवू विचारलं, तर म्हणाल्या, "अहो." फोटो काकांचा लावला. स्वतःलाच मेसेज करायची सोय व्हॉट्सअॅपमध्ये आहे, पण तिथं वर स्वतःचाच फोटो दिसतो, ते त्यांना नको होतं.

ज्यांचा नंबर अजून चालू आहे त्यांनी मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या सेंटरवर जावं आणि सिम वारसाच्या नावावर करून घ्यावं. नुसतं रिचार्ज मारत राहिलात, तर कधीतरी केवायसी मागतील आणि अडकाल. सोडायचाच असेल तर आधी बँक, गॅस, विमा सगळीकडचा नंबर बदला, कारण पुढं ओटीपी त्या अनोळखी माणसाला जातील. ही कामं लोक तेराव्यानंतर करू म्हणतात आणि वर्षश्राद्ध येतं.

आता बरं का वाईट, ते. मी डॉक्टर नाही, पण काउंटरवरून दोन तऱ्हा दिसतात. काकूंसारखी माणसं लिहितात, फोन ठेवतात, कामाला लागतात. त्यांना उत्तर नको असतं, दिवस कुणाला तरी सांगायची पन्नास वर्षांची सवय असते. मुलं मला म्हणतात, "आईला समजवा." काय समजवायचं? दुसरी माणसं लिहून टिकेकडं बघत बसतात. दुसरी टिक का पडत नाही, नेटवर्कचा घोळ आहे का, असं मलाच विचारतात. तिथं मी सेटिंग बघत नाही. घरच्या माणसाला बाजूला घेतो आणि सरळ सांगतो, यांना डॉक्टरकडं न्या.