सिग्नल फुल्ल, तरी कॅमेरा गोठतोय

इचलकरंजीत घर आणि यंत्रमागाचा कारखाना एकाच आवारात असणं नवं नाही. पुढं घर, मध्ये फरशीचं अंगण, मागं पत्र्याची शेड. मी कॅमेरे आणि नेटवर्कची कामं करतो, त्यामुळं घरातलं नेट अंगणापलीकडं न्यायचं काम नेहमीच येतं. त्यातलं अण्णांच्या कारखान्याचं काम मात्र सांगण्यासारखं आहे, कारण तिथं सगळे ज्याला गुण समजत होते तोच रोग निघाला.

घरात 100 एमबीपीएसचं फायबर कनेक्शन. शेडमध्ये कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि हिशेबाचा कॉम्प्युटर. आधी दोन्हींमध्ये साधी लॅन केबल ओढलेली होती. वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि रेकॉर्डरचं पोर्ट आणि घरातला राउटर दोन्ही एकदमच गेले. घराचं मीटर वेगळं, शेडचं थ्री फेज वेगळं, अर्थिंगही वेगवेगळं. अशा दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकली, की वीज पडल्यावर दोन्हीकडच्या अर्थिंगमधला व्होल्टेजचा फरक त्या केबलमधून वाट काढतो. म्हणून नंतर कुणीतरी 5 गिगाहर्ट्झचा वायरलेस ब्रिज, म्हणजे केबलऐवजी हवेतून नेट पोहोचवणारी डिव्हाइसची जोडी, बसवून दिला. एक डिव्हाइस घराच्या गॅलरीत, दुसरं शेडच्या दाराशेजारी. निर्णय अगदी बरोबर होता. दोन इमारतींमध्ये धातूचा धागाच राहिला नाही.

पण नेट चालेना. मोबाइलवर कॅमेरा दोन मिनिटं दिसायचा, मग चित्र गोठायचं. अण्णा म्हणाले, "बसवणारा म्हणतोय मोठी डिश लावूया. पण सिग्नल तर फुल्ल दाखवायलाय की ओ! मग डिश कशाला?"

मी लॅपटॉप जोडून डिव्हाइसचं पान उघडलं. Signal Strength होता -27 डीबीएम. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. चांगल्या लिंकला मी -45 ते -60 च्या दरम्यान बघतो. -27 म्हणजे डिव्हाइस समोरासमोर धरल्यासारखं. आणि त्याच पानावर खाली लिंकचा वेग होता 60 एमबीपीएस. 40 मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर याच जोडीनं 300 दाखवायला हवे होते. आजूबाजूच्या वायफायच्या गर्दीमुळं वेग पडला असेल तर नॉइजचा आकडा बऱ्याचदा वर चढलेला दिसतो. इथं नॉइज -95 च्या आसपास शांत होता. सिग्नल भरपूर, गोंगाट नाही, तरी वेग पाचवा हिस्सा. हे दोन आकडे एकत्र दिसले की माझा संशय एकाच गोष्टीवर जातो: सिग्नल कमी नाही, जास्त आहे.

कागदावर हिशेब मांडून अण्णांना दाखवला. डिव्हाइस 23 डीबीएमनं पाठवतंय. दोन्ही अँटेना प्रत्येकी 13 ची भर घालतात. मध्ये अंतर तीस मीटर, तेवढ्या हवेत 5.8 गिगाहर्ट्झचा सिग्नल साधारण 77 नं घटतो. 23 अधिक 13 अधिक 13, वजा 77, उत्तर -28. म्हणजे डिव्हाइसमध्ये बिघाड काहीच नाही, ती हिशेबाप्रमाणंच वागत होती. ही डिव्हाइस काही किलोमीटरसाठी बनवलेली असतात आणि इथं ती अंगणात पूर्ण ताकदीनं ओरडत होती. गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहिलं की गाण्याचे शब्द कळत नाहीत, तसं समोरच्या रिसीव्हरचं होतं. त्याचा ॲम्प्लिफायर भरून जातो, लहरीचा आकार बिघडतो, वेगवान मॉड्युलेशन उलगडत नाही. मग डिव्हाइस स्वतःच खालच्या वेगावर उतरतं, पुन्हा पुन्हा तेच पॅकेट पाठवत बसतं.

अण्णांना कागद पटला नव्हता, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मी त्यांच्या पुतण्याला शेडपाशी पाठवलं आणि म्हटलं, "बाळा, ते डिव्हाइस घराकडून फिरव, तोंड बाजूच्या भिंतीकडं कर." शेडमधल्या कॉम्प्युटरवर iperf3 -s चालू ठेवून घरातल्या लॅपटॉपवरून तिकडं वेग मोजायला लावला होता.

```
iperf3 -c 192.168.1.50 -t 60
```

सरळ असताना आकडे वीस-पंचवीसच्या आत अडखळत होते. पोरानं डिव्हाइस फिरवलं तसा सिग्नल -45 पर्यंत पडला आणि वेग 90 च्या वर गेला. अण्णा खुर्ची ओढून लॅपटॉपसमोरच बसले. "तोंड फिरवल्यावर चांगलं चालतंय? पुन्हा सरळ कर रे!" सरळ केलं, पुन्हा पडलं. त्यांनी स्वतः हाक मारून ते आणखी एकदा करवून घेतलं, तेव्हा कुठं डिशचा विषय संपला.

डिव्हाइस तसंच वाकडं ठेवून निघता आलं असतं, पण ते मला मान्य नाही. तोंड फिरवल्यावर सिग्नल पत्र्यावर आणि भिंतीवर आपटून येतो. अंगणात काही हललं की तो बदलतो, शिवाय आपली ताकद शेजाऱ्याच्या घरात जाते. योग्य उपाय म्हणजे तोंडं समोरासमोर ठेवायची आणि TX Power, म्हणजे पाठवायची ताकद, उतरवायची. तीही दोन्हीकडं, कारण माझ्याकडची ताकद कमी केली तर समोरच्याच्या कानावरचा भार हलका होतो, माझ्या नाही. दोन्ही 23 वरून 3 वर आणली. सिग्नल -48, लिंकचा वेग 300, प्रत्यक्षात 94. त्याच्या वर जाणार नव्हतं, कारण या डिव्हाइसचं लॅन पोर्टच 100 चं आहे. काही मॉडेलमध्ये ताकद इतकी खाली जात नाही, तिथं मग मुद्दाम थोडं तिरपं लावण्यावाचून इलाज नसतो.

मी आवरायला घेणार, तेवढ्यात सुताचा टेंपो आत आला आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिला. सिग्नल -70 च्या खाली. ताकद उतरवली की आडव्या आलेल्या वस्तूला भेदून जायची मुभाही संपते, तेव्हा वाट खरोखर मोकळी लागते. आणि मोकळी म्हणजे नजरेच्या रेषेपुरती नव्हे. तीस मीटरच्या लिंकला मध्यभागी त्या रेषेच्या चारी बाजूंना साधारण 60 सेंटिमीटर जागा सिग्नल वापरतो. शेडकडचं डिव्हाइस डोक्याइतक्या उंचीवर होतं. ते पत्र्याखालच्या अँगलला वर घेतलं, गॅलरीतलं छज्जाखाली सरकवलं. आता टेंपोच्या टपावरून हातभर मोकळं राहत होतं. टेंपो तिथंच उभा ठेवून पुन्हा मोजलं, -49.

अण्णांनी पावसाचं विचारलं. एवढ्या अंतरावर पावसाच्या धारांनी सिग्नलला काही होत नाही. पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरमध्ये शिरतं, धोका तो. म्हणून डिव्हाइसच्या खाली केबलला एक लोंबता वळसा दिला, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडतं. रेकॉर्डरच्या पेटीत आतून कागद चिकटवला: दोन्ही डिव्हाइसचे आयपी, चॅनेल, TX Power 3, सिग्नल -48. आणि खाली मोठ्या अक्षरात, "पॉवर वाढवू नये".