सीएनएफ करताना माझं सगळं अडलं ते शेवटच्या पायरीवर

बेळगावात इंजिनिअरिंगला एआयचा पेपर असणाऱ्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. आमच्या कॉलेजच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानात ज्या नोट्स मिळतात त्यांच्यावर अजून माझा राग आहे, म्हणून आधी तेच. त्यात रेझोल्यूशनचं एक सोडवलेलं गणित होतं, पहिल्या तीन पायऱ्या छान सविस्तर आणि चौथीला नुसतं "डिस्ट्रिब्यूट करून" एवढं लिहून खाली उत्तर. आणि ते उत्तर चुकीचं! वर्षानुवर्षं त्याच पानाची झेरॉक्सची झेरॉक्स निघतेय.

फॉर्म्युला हा होता:

```
N ↔ ((P ∧ D) ∨ B)
```

नोट्समध्ये नुसती अक्षरं होती, मी त्याला आपल्याकडचा अर्थ लावला म्हणजे डोक्यात राहतं. N म्हणजे चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी बस आज सुटत नाही, P म्हणजे घाटात पाऊस, D म्हणजे दरड कोसळली, B म्हणजे बंद पुकारलाय. पाऊस आणि दरड दोन्ही असतील किंवा बंद असेल तर बस नाही, आणि बस नसेल तर कारण यातलंच काहीतरी. (नुसत्या पावसाला आपल्याकडे कोण बस रद्द करतंय.)

आता पहिल्या पायऱ्या, यात काही अवघड नाही. दुहेरी बाणाचे दोन एकेरी बाण करायचे, मग प्रत्येक X → Y च्या जागी ¬X ∨ Y लिहायचं, मग कंसाबाहेरचं निगेशन डी मॉर्गनने आत ढकलायचं, आत जाताना ∧ चं ∨ होतं आणि ∨ चं ∧. एवढं झालं की हे उरतं:

```
(¬N ∨ (P ∧ D) ∨ B) ∧ (((¬P ∨ ¬D) ∧ ¬B) ∨ N)
```

आणि इथेच गाडी अडते. सीएनएफ म्हणजे बाहेर सगळे ∧, आत प्रत्येक कंसात फक्त ∨. पण पहिल्या कंसात (P ∧ D) मधेच बसलंय. नोट्सवाल्याने काय केलं, आतला कंस काढून टाकला, ¬N ∨ P ∧ D ∨ B असं सरळ लिहिलं आणि ∧ दिसला तिथे तोडलं, म्हणजे (¬N ∨ P) आणि (D ∨ B). बघायला इतकं नीटनेटकं दिसतं की कुणाला शंकाच येत नाही. माझ्या शेजारी बसणारा खानापूरचा मित्र म्हणाला, "बरोबरच आहे की, छापलंय ना." मी त्याला म्हटलं, अरे D ∨ B मोठ्याने वाच. रोज एकतर दरड कोसळलेली असते नाहीतर बंद असतो! म्हणजे साधा कोरडा दिवस बेळगावच्या नशिबातच नाही. मूळ फॉर्म्युल्यात चारही अक्षरं खोटी ठेवा, पाऊस नाही, दरड नाही, बंद नाही, बस सुटली, तर दोन्ही बाजू खोट्या म्हणून ↔ खरं येतं. आणि D ∨ B खोटं येतं. एका ओळीत निकाल लागला, सोळा ओळींचं ट्रुथ टेबल मांडायची गरजच नाही.

बरोबर कसं करायचं तर ∨ ने जोडलेलं जे जे बाहेर आहे ते सगळं ∧ च्या दोन्ही बाजूंना पूर्णच्या पूर्ण जायला पाहिजे. इथे बाहेर ¬N आणि B दोघं आहेत, म्हणून P सोबतही दोघं आणि D सोबतही दोघं. दुसऱ्या कंसात तसंच, N दोन्हीकडे जातो:

```
1. ¬N ∨ P ∨ B
2. ¬N ∨ D ∨ B
3. ¬P ∨ ¬D ∨ N
4. ¬B ∨ N
```

आमचे सर कन्नड आहेत, शिकवतात इंग्लिशमध्ये आणि रंगात आले की कन्नडवर जातात, पण त्यांनी एक गोष्ट लाखमोलाची सांगितली जी नोट्समध्ये कुठेच नाही. लिहायच्या आधी क्लॉज मोजायचे. निगेशन आत गेल्यावर प्रत्येक अक्षर एक धरायचं, ∧ आला की बेरीज, ∨ आला की गुणाकार. पहिला कंस: ¬N चा 1, (P ∧ D) चे 1+1 म्हणजे 2, B चा 1, गुणाकार 2. दुसरा: (¬P ∨ ¬D) चा 1, त्यात ¬B चा 1 मिळवून 2, गुणिले N चा 1, परत 2. दोन्ही कंसांमध्ये ∧ म्हणून एकूण 4. कमी आले तर काहीतरी गिळलंय हे नक्की. पण नोट्समधलं पहिल्या कंसाचं उत्तरही दोनच क्लॉजचं होतं, म्हणजे मोजणीतून ते सुटलं असतं, म्हणून वाचून बघणंही पाहिजेच.

याच मोजणीतून कळतं की ही पायरी कधी हाताबाहेर जाते. (A ∧ B) ∨ (C ∧ D) ∨ (E ∧ F) चे 2×2×2 म्हणजे 8 क्लॉज. अशा दहा जोड्या असतील तर 1024. त्यावर उपाय त्सेतिनची पद्धत, प्रत्येक जोडीला एक नवीन अक्षर द्यायचं, X ↔ (A ∧ B), त्याचे तीन क्लॉज होतात आणि शेवटी सगळ्या X चा एक लांब क्लॉज. दहा जोड्यांना 31 क्लॉजमध्ये काम होतं. पण तीन जोड्यांना 10 लागतात, म्हणजे 8 पेक्षा जास्तच, त्यामुळे परीक्षेतल्या छोट्या गणितात उगाच हुशारी दाखवायला जाऊ नका. आणि नवीन अक्षरं आल्यामुळे तो फॉर्म्युला मूळच्याशी तंतोतंत सारखा राहत नाही, फक्त एक सोडवता येत असेल तर दुसराही येतो एवढीच खात्री, रेझोल्यूशनला तेवढी पुरते.

रेझोल्यूशनचं सांगायचं राहिलंच. समजा बस सुटली नाही आणि बंदही नाही, म्हणजे N आणि ¬B दिलंय, सिद्ध करायचंय P ∧ D. याचं निगेशन घालायचं, आणि ते ¬P ∨ ¬D असा एकच क्लॉज आहे. वर्गात लई जणांनी ¬P आणि ¬D असे दोन वेगळे घातले, उत्तर तरीही येतं म्हणून मजा वाटते, पण त्याने फक्त "P किंवा D" एवढंच सिद्ध होतं. नीट केलं तर असं चालतं: ¬P ∨ ¬D आणि 1 मधून P कापला की ¬D ∨ ¬N ∨ B. त्याला 2 शी लावून D कापला की ¬N ∨ B, दोनदा आलेले ¬N आणि B एकदाच लिहायचे. मग N लावून B उरतो, ¬B लावून काहीच उरत नाही, रिकामा क्लॉज, संपलं. 3 आणि 4 ला हातही लागला नाही, ते न वापरल्याबद्दल मार्क कापत नाहीत.

आणि हो, एका वेळी एकच जोडी कापायची. P ∨ D आणि ¬P ∨ ¬D समोर आले की दोन्ही जोड्या उडवून रिकामा क्लॉज काढायचा मोह होतो, पण P खरं D खोटं ठेवलं तर दोन्ही क्लॉज खरे आहेत, मग विरोध कुठला? P कापला की D ∨ ¬D उरतो, तो नेहमीच खरा, सोडून द्यायचा आणि दुसरी जोडी शोधायची.