रिमोट नोंदवही: भाड्याच्या फ्लॅटमधल्या सॅमसंगला नवा रिमोट जोडताना

या वेळी काम आमच्या काकांच्या वाकडच्या फ्लॅटचं. टीव्ही काकांचा, राहणारे भाडेकरू, आणि जुना रिमोट आधीच्या भाडेकरूंच्या सामानाबरोबर गेलेला. टीव्ही ४३ इंची सॅमसंग. मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर UA43AU ने सुरू होतो, म्हणजे २०२१ ची मालिका. नव्या भाडेकरू ताईंना मी जी चिठ्ठी लिहून दिली ती इथे नोंदवतोय, आणि त्यामागची कारणंही.

पहिला प्रश्न रिमोट कोणता आणायचा. बाजारात ‘सॅमसंगला चालेल’ म्हणून जे स्वस्त रिमोट मिळतात, त्यांतले बरेचसे फक्त इन्फ्रारेडवर चालतात. त्यांना जोडणी लागतच नाही. सेल टाकले की सुरू, कारण सॅमसंगचे इन्फ्रारेड कोड वर्षानुवर्षं तेच आहेत (पॉवरचा E0E040BF आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल). पण त्यांचा माइक चालत नाही. ताईंच्या सासूबाईंना बोलून मालिका शोधायची सवय, म्हणून आम्ही माइकवाला ब्लूटूथ स्मार्ट रिमोट घेतला. जोडावा लागतो तो हाच.

आता चिठ्ठी:

“ताई, आधी सेट-टॉप बॉक्सचा रिमोट बाजूला ठेवा आणि टीव्ही सुरू करा. नव्या रिमोटचं पॉवरचं बटण जोडणीआधीही चालेल. ते चालतं आणि बाकीची बटणं चालत नाहीत, म्हणून रिमोट खराब आहे असं समजून परत करू नका. पॉवर इन्फ्रारेडने जातं, बाकीचं ब्लूटूथने, आणि ब्लूटूथची ओळख अजून व्हायची आहे.

टीव्ही पूर्ण सुरू होऊन चित्र येईपर्यंत थांबा. मग टीव्हीसमोर हातभर अंतरावर उभ्या राहा, रिमोटचं टोक टीव्हीच्या सेन्सरकडे धरा. आता मागे जायचं वळलेल्या बाणाचं बटण आणि प्ले-पॉजचं बटण, दोन्ही एकाच वेळी दाबा आणि पडद्यावर रिमोटचं चित्र येईपर्यंत सोडू नका. निदान तीन सेकंद लागतात. जोडणी झाल्याचा संदेश आला की हात काढा.”

सगळ्यात जास्त गडबड होते ती ‘एकाच वेळी’ या शब्दांत. एक बोट आधी टेकलं की टीव्ही ते साधं ‘मागे’ समजतो आणि काहीच घडत नाही. रिमोट एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एक आणि तर्जनीने दुसरं बटण दाबलं तर जमतं. एकाच अंगठ्याने दोन्ही दाबायला गेलं की एक बटण हमखास सुटतं.

तरीही चित्र आलं नाही तर सेल काढायचे आणि सेल नसताना पॉवरचं बटण आठ सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. मग सेल परत घालून पुन्हा जोडायचं. हे सेलवाल्या रिमोटसाठी. ज्याच्या पाठीवर सौरपट्टी आहे, त्याला ‘मागे’ आणि मधलं ओके ही दोन बटणं दहा सेकंद दाबून रीसेट करतात. आणि एवढं करूनही पॉवर चालत नसेल तर फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोटचं टोक धरून पॉवर दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट पाठवतोय, दोष टीव्हीच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्यासमोर ठेवलेल्या वस्तूत शोधायचा.

जोडणी खरी झाली का, हे मी असं तपासतो: रिमोटचं टोक तळहाताने पूर्ण झाकतो आणि आवाज वाढवतो. आवाज वाढला तर तो ब्लूटूथने गेला. वाढला नाही, तर जोडणी झालेली नाही, किंवा तुमच्या हातात इन्फ्रारेडवालाच रिमोट आहे. ताईंच्या रिमोटने झाकलेल्या टोकानेही आवाज वाढवला, आणि माइकने मराठीतलं मालिकेचं नावही पकडलं.

एक गोष्ट चिठ्ठीच्या तळाशी ठळक लिहिली: जोडणी जमली नाही तरी टीव्हीचा फॅक्टरी रीसेट करू नका. त्याने जोडणीचा प्रश्न सुटतोच असं नाही, उलट घातलेली अॅप, लॉग-इन आणि चॅनेलचं स्कॅनिंग सगळं जातं, आणि टीव्ही मालकाचा आहे. तेवढ्यापुरतं चालवायला टीव्हीच्या खालच्या कडेला मधोमध, किंवा मागे, एक बटण असतं. हळूच दाबलं की मेनू पुढे सरकतो, दाबून धरलं की निवड होते. ज्यांच्या रेडमी फोनला इन्फ्रारेड आहे, त्यांना तर फोनच रिमोट करता येतो.

रिमोटची पावती काकांना पाठवली आहे. लिव्ह अँड लायसन्स करारातल्या वस्तूंच्या यादीत ‘रिमोट १’ असं लिहिलेलं आहे, तिथे आता नव्याचा मॉडेल नंबर जोडला जाईल, म्हणजे घर सोडताना अनामत रकमेवर वाद नको.